आमच्याकडे नाही

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला. रात्री दोन ते चार या वेळात, म्हणजे वॉचमनसकट सगळी सोसायटी झोपलेली असताना, ए विंगच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दोन बोटं उतरतं. ही पाहणी त्यांनी स्वतः तीन रात्री गच्चीवर जाऊन, टॉर्च आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन केली होती. टँकर सुरू झालेले, त्यात हे. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, 'प्रत्येकाने आपापल्या घरी तपासून घ्यावे.'

दहा मिनिटांत एकोणीस घरांचं उत्तर आलं, 'आमच्याकडे नाही.' दिवाळीच्या कंदिलाचा रंग ठरवताना महिना घालवणाऱ्या या सोसायटीत एवढं चटकन एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. विसावं उत्तर माझं होतं. तपासलं मीही नव्हतं. पण नळ टपकत नव्हता, भिंतीला ओल नव्हती, आणि आपल्या घरचं पाणी गळत असेल तर आपल्याला कळणार नाही का, असा एक घरंदाज आत्मविश्वास होता.

संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले. "रंग टाकून बघितलात?"

"कशात?"

"संडासाच्या फ्लशच्या टाकीत."

मी होळी होऊन गेल्याचं त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते हसले नाहीत. टँकरची बिलं मंजूर करणारा माणूस एप्रिलमध्ये हसत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. टाकीच्या तळाला एक भोक असतं आणि त्यावर रबराचा वायसर बसलेला असतो. बटण दाबलं की तो उचलला जातो, पाणी धो धो खाली जातं, मग तो परत जागेवर बसतो. नीट बसला नाही, तर पाणी त्याच्या कडेनं झिरपतं आणि कमोडच्या मागच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखं उतरतं. ओघळ नाही, थेंब नाही, आवाज नाही. पांढऱ्या चिनी मातीवरून पांढरं पाणी सरकतं, ते दिसणार कसं? खाली कमोडमध्ये पाणी असतंच, त्यात आणखी मिसळलं तर पातळीही वाढत नाही, कारण जास्तीचं वळणावरून पुढे निघून जातं. म्हणून टाकीतल्या पाण्याला रंग द्यायचा. बटणाला कोणी हात लावायचा नाही. वीस मिनिटं, अर्ध्या तासानं खाली रंग दिसला, तर चोर सापडला.

हे ऐकताना मला एकदम आई आठवली. आई ८१ वर्षांची. गेले दोन महिने ती सांगत होती की रात्री तीनच्या सुमाराला संडासात कोणीतरी सुस्कारा टाकतं. आम्ही आधी दुर्लक्ष केलं, मग तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की या वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, आणि बिल दिलं. टाकीत वायसरच्या कडेनं पाणी हळूहळू उतरतं, एखादं बोट उतरलं की बॉलकॉक उघडतो, तेवढं पाणी भरून घेतो आणि बंद होतो. तोच तो सुस्कारा. दिवसा मिक्सर, टीव्ही आणि माणसं यांच्यापुढे टाकीचं कोण ऐकणार? रात्री तीनला फक्त आई जागी असते.

आता रंग कुठला? हळद घ्यावी असं मला वाटलं, घरची आणि निरुपद्रवी. तांब्याभर पाण्यात कालवून टाकीत ओतली. हळद पाण्यात विरघळत नाही, हे चाळीस वर्षं वरण खाऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती टाकीच्या तळाशी गाळासारखी बसली. शिवाय पिवळा रंग या कामाला अजिबात उपयोगाचा नाही. त्याचं कारण सांगायची गरज नसावी.

नीळ चालते म्हणतात. पण ज्यांच्या टाकीत आधीच ती निळी सुगंधी वडी टाकलेली असते, त्यांचं पाणी बाराही महिने निळं. त्यांनी आधी वडी काढून टाकायची, चार वेळा फ्लश करून पाणी स्वच्छ करायचं आणि मग दुसराच रंग घ्यायचा. सगळ्यात बरा म्हणजे खाण्याचा रंग. पूर्ण विरघळतो आणि एका फ्लशमध्ये निघून जातो. आमच्या स्वयंपाकघरात जिलबीच्या केशरी रंगाची एक डबी होती. ती घेऊन मी निघालो तर आईनं दारातच अडवलं.

"कुठे चाललास ते घेऊन?"

मी सांगितलं.

"ही डबी आता परत माझ्या स्वयंपाकघरात यायची नाही," ती म्हणाली. आणि आत जाऊन, डबीवर चिकटपट्टी लावून, त्यावर मोठ्या अक्षरांत 'संडास' असं लिहून आणलं.

तर कृती. टाकीचं झाकण उचलून खाली टॉवेलवर ठेवायचं, कारण चिनी मातीचं झाकण जड असतं आणि दुकानात सुटं मिळत नाही. झाकणावरच बटण असेल तर आधी त्याची कडी फिरवून सोडवायची. एकदा फ्लश करून टाकी पूर्ण भरू द्यायची, भरण्याचा आवाज थांबेपर्यंत. चिमूटभर रंग अर्धा कप पाण्यात नीट विरघळवून टाकीत ओतायचा, कमोडमध्ये नव्हे. मग अलगद ढवळायचं, बाहेर यायचं आणि घड्याळ लावायचं. ज्यांची टाकी भिंतीच्या आत लपवलेली असते त्यांनी बटणाची पाटी काढून तिथून रंग सोडावा. आत काय दिसतंय याबद्दल फार विचार करू नये.

अठराव्या मिनिटाला फ्लशचा आवाज आला. कॉलेजातून आलेली मुलगी सवयीनं गेली, सवयीनं बटण दाबलं आणि किंचाळत बाहेर आली. या तपासणीचा सगळ्यात मोठा शत्रू गंज नाही, क्षार नाही, माणसाची सवय आहे. दुसऱ्या वेळी मी दाराला पाटी लावली, 'परीक्षा चालू आहे.' बायकोनं खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'शांतता राखा.'

दहा मिनिटं काही नाही. पंधरा मिनिटं काही नाही. मी ग्रुपवर 'तपासले, आमच्याकडे नाही' असं टंकायलाही घेतलं होतं. एकविसाव्या मिनिटाला टॉर्च मारून पाहिलं, तर कमोडच्या मागच्या भिंतीवर, कडेच्या खालून, केसासारखी एक केशरी रेघ उतरत होती. अर्ध्या तासानं खालचं पाणी सरबतासारखं झालं. बायको बघून म्हणाली, "आणि आपण पावसाळ्यापर्यंत बाल्कनीतल्या झाडांचं पाणी कमी करायचं ठरवलं होतं."

इथे माझ्या लहानपणच्या वाड्यातल्या संडासाची आठवण न निघती तर नवल. भिंतीवर उंच, छताजवळ, काळ्या बिडाची टाकी आणि तिला लोंबणारी साखळी. साखळी ओढली की असा गडगडाट व्हायचा की खालच्या बिऱ्हाडाला वेळापत्रक कळायचं. पण तिला तळात वायसर नव्हताच. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड आत पाण्याच्या पातळीच्या वर असायचं आणि त्यावर टोपी. साखळीच्या हिसक्यानं पाणी एकदा त्या तोंडावरून चढलं की मागचं सगळं त्याच्या पाठोपाठ ओढलं जायचं. हा सायफन. स्वस्थ उभं असलेलं पाणी स्वतःहून वर चढत नाही, त्यामुळे तळातून गुपचूप गळणं त्या टाकीच्या घडणीतच नव्हतं. गळायची तेव्हा चारचौघांत, डोक्यावर.

ब्रिटिशांनी तर या सायफनच्या टाकीला पाण्याची नासाडी रोखणारं यंत्र असंच नाव दिलं होतं. थॉमस क्रॅपर यांच्या लंडनच्या प्रसिद्ध दुकानात ती त्याच नावानं विकली जाई. तळाला झडप असलेल्या टाकीला त्या देशात २००१ सालापर्यंत परवानगीच नव्हती. आपण मात्र साखळी सोडून बटणावर आलो. सुधारणा झाली यात शंका नाही. गुडघ्याला साखळीचा मार बसत नाही, पाणीही कमी लागतं. जुन्या टाक्या दहा, साडेबारा लिटर ओतायच्या. आता मोठं बटण सहा, छोटं बटण तीन. तीन लिटर वाचवायला आपण छोटं बटण दाबतो आणि पुण्यवान चेहऱ्यानं बाहेर येतो. आत वायसर आपलं काम करत असतो.

रंगानं चोर सापडतो, चोरी किती झाली ते कळत नाही. केशरी रेघ बघून कोणी शंभर लिटर म्हणेल, कोणी वाटीभर. मी अंदाजाचा माणूस नाही. पहिला उपाय साधा होता. टाकीला पाणी देणारा भिंतीजवळचा अँगल कॉक बंद करायचा, आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारायची आणि पाणी किती उतरतं ते बघायचं. कॉक बंद केला, रेघ मारली, चहा घेतला, पेपर वाचला. तासाभरानं जाऊन पाहतो तर पाणी रेघेवर. तसूभरही हललेलं नाही. आणि खाली कमोड केशरी!

वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांना बोलावून ही अद्भुत घटना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टाकीत डोकावले आणि म्हणाले, "अहो, अखेरची शिल्लक तेवढीच आहे म्हणून मधे व्यवहारच झाले नाहीत असं धरता की काय? जमा कुठून झाली ते बघा."

जमा अँगल कॉकमधून झाली होती. दहा वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नव्हता, आणि असे कॉक बंद केले तरी पुरते बंद होत नाहीत. पाणी एक बोट उतरलं तेव्हा बॉलकॉक उघडला आणि न मिटलेल्या कॉकमधून हळूहळू पाणी येऊन टाकी परत रेघेपर्यंत भरली. मी तेव्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. हे आधी ओळखायची युक्तीही काकांनीच सांगितली. कॉक बंद करून एकदा फ्लश करायचं. टाकी तरीही भरू लागली, तर कॉकवर विश्वास नाही.

मग दुसरा मार्ग. मुलीची फूटपट्टी टाकीच्या तोंडावर आडवी ठेवली आणि बॉलकॉकच्या दांडीला सुतळी बांधून फुगा वरच्या वर पट्टीला टांगला. फुगा खाली येऊच शकत नाही, म्हणजे बॉलकॉक उघडू शकत नाही, म्हणजे जमा बंद. आता फक्त खर्च. दहा वाजता रेघ. साडेदहाला पाणी रेघेखाली चौदा मिलिमीटर.

टाकी आतून मोजली, ३४ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद. गुणाकार ५१० चौरस सेंटिमीटर, त्यावर १.४ सेंटिमीटर उंचीचा थर, म्हणजे ७१४ मिलिलिटर. मी वहीत लिहिणार, तेवढ्यात काका म्हणाले, "टाकी काय भिंतीसारखी सरळ आहे का? खाली निमुळती. शिवाय आत नळी, बटणाचं खटलं. ती सगळी पाणीच धरलीत तुम्ही."

बरोबर होतं. यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो सुचण्याआधी टेप का काढावी लागते कोण जाणे. स्वयंपाकातला खुणांचा मापकप घ्यायचा (आईला न सांगता) आणि पाणी परत पेन्सिलीच्या रेघेपर्यंत येईल इतकं मोजून ओतायचं. जेवढं ओतलं तेवढंच गेलं होतं. निमुळती असो, वाकडी असो, गुणाकार नाही, भागाकार नाही. माझ्या टाकीत ६५० मिलिलिटर बसलं. अर्ध्या तासात ६५०, तासाला १.३ लिटर, दिवसाला ३१.२ लिटर.

हा आकडा किंचित कमीच आहे, असं काकांनी बजावलं. पाणी उतरतं तशी वायसरच्या कडेनं झिरपण्याची गतीही मंदावते, कारण वरचा दाब कमी होतो. खऱ्या आयुष्यात बॉलकॉक टाकी सतत भरत राहतो, त्यामुळे गळती तितकी मंदावत नाही. म्हणून मोजणी अर्ध्या तासाचीच करावी. रात्रभर ठेवून बारानं भागलं तर आकडा सौम्य येतो आणि मन शांत होतं, पण खोटं.

एकतीस लिटर म्हणजे किती? मनाला पटेना. दोन बादल्या म्हटलं तर काहीच नाही वाटलं. मग काकांनी त्यांचं शस्त्र काढलं. शहरातल्या घराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ४५ लिटर संडासाच्या फ्लशसाठी असतं, असा आपल्याकडचा बांधकामाचा प्रघात आहे. म्हणजे माझ्या घरात आम्ही चौघं, आणि फ्लशपुरता आणखी एक, पाऊण माणसापेक्षा थोडा कमी. तो रोज येत होता, रात्री तीनला सुस्कारा टाकत होता आणि आम्ही त्याच्यासाठी आईला डॉक्टरकडे नेत होतो.

वर्षाचं गणित मी एकट्यानं, दार लावून केलं. अकरा हजार लिटरच्या वर. आमच्याकडे येणारा टँकर दहा हजारांचा. म्हणजे वर्षाला एक भरलेला टँकर सोसायटीच्या फाटकातून आत येत होता, पंप त्याचं पाणी सात मजले वर चढवत होता आणि ते माझ्या कमोडमधून एक केशरी रेघ होऊन निघून जात होतं. केशरी धरूनच चाला, मनात तो रंग आता जात नाही.

प्लंबर आला. टाकीत न बघताच म्हणाला, "साहेब, पूर्ण सेट बदलावा लागेल." मी म्हटलं, आधी उघड. त्यानं मधलं खटलं पाव फेरा फिरवून उचललं आणि उलटं केलं. वायसरच्या एका कडेला पांढऱ्या क्षाराचा खडबडीत थर, टँकरच्या जड पाण्याची कृपा. समोरच्या बाजूला रबर फुगून वाकडं झालेलं. तो ज्या कडेवर बसतो ती कड पुसली, वायसर पुसला, परत बसवून पाहिलं. रेघ बारीक झाली पण थांबली नाही. मग जुना वायसर खिशात घालून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. नुसतं 'फ्लशचा वायसर द्या' म्हणायला गेलात तर दुकानदार वीस जातींचे काढून समोर मांडतो आणि सगळे सारखे दिसतात. जुना त्यावर ठेवून जुळवला. किंमत सांगत नाही. कानाच्या डॉक्टरांच्या फीच्या शेजारी ती लिहायला लाज वाटते.

नवा बसला. परत रंग, परत पाटी, परत अर्धा तास. खालचं पाणी आरशासारखं. मी पाऊण तास उगाच तिथे उभा राहिलो.

त्या रविवारी काका डबी मागायला आले. "आमच्याकडे नाही, पण सोसायटी म्हणतेय तर." अर्ध्या तासानं त्यांचा फोन, आवाज पडलेला. रंग आला होता. मात्र त्यांच्याकडे गंमत वेगळी. फुगा बांधून ठेवला तर पेन्सिलीची रेघ जागची हलत नव्हती, आणि फुगा सोडला की कमोड केशरी. टाकीत उभी नळी असते, जास्तीचं पाणी सांडून जायला. त्यांच्या बॉलकॉकची उंची कोणीतरी इतकी वर करून ठेवली होती की पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढून आत सरकत होतं. तळ ठीक, वायसर ठीक. गळती वरून, आणि तीही पुरवठा चालू असेपर्यंतच. माझ्याकडे नळीचं तोंड पाण्याच्या दोन बोटं वर होतं, म्हणून तिथे संशयाला जागा नव्हती. रंग दोघांकडेही सारखाच दिसतो, खरं काय ते पेन्सिलीची रेघ सांगते. स्क्रू फिरवून फुगा बोटभर खाली आणला, काम झालं. वायसरसुद्धा लागला नाही.

पण काका नाराज. रेघ उतरतच नाही म्हटल्यावर मापकप कशात ओतणार? त्यांच्या गळतीचा आकडाच निघेना. "तुमचे एकतीस पूर्णांक दोन नोंदले गेले," ते म्हणाले, "आमचं काय, नुसता शेरा?" आयुष्यभर पैशापैशाचा ताळा जमवलेल्या माणसाच्या वहीत तेवढी एक ओळ कोरी राहिली.

डबी मग सोसायटीत फिरू लागली. सेक्रेटरींनी ग्रुपवर यादी टाकली, कोणाकडे कधी. 'आमच्याकडे नाही' म्हणणाऱ्या त्या वीसांपैकी सात घरं निघाली, एका घरात दोन्ही संडास. सेक्रेटरी पुन्हा रात्री गच्चीवर गेले. दोन बोटांचं अर्धं बोट झालं. उरलेलं अर्धं बी विंगवाल्यांचं आहे असं ए विंगचं मत आहे, आणि टाकी ए विंगचीच असूनही ते ठाम आहे.

परवा तळमजल्यावरच्या काकूंनी डबी परत आणून दिली. आईच्याच हातात. रिकामी परत कशी करायची, म्हणून सोबत वाटीभर शिरा होता. छान, गरम, केशरी रंगाचा.

आई चिकटपट्टीवरची आपली अक्षरं वाचत बराच वेळ दारात उभी होती.